निरोप्याचं काम पोरांना लावू नका

लग्न ठरलेल्या मुलामुलींची भांडणं झाली की आमच्याकडच्या बायका एक वाक्य हमखास बोलतात. ‘आताच्या पोरांना सोसतच नाही बघा. आमच्यावेळी आम्ही नवऱ्याचं तोंडसुद्धा अक्षता पडल्यावर बघितलं.’ बेळगाव-निपाणीकडच्या लग्नांत गेली तीस वर्षं वावरल्यावर मी ठामपणे म्हणते, की हे वाक्य खोटं आहे. पोरं कमी सोसत नाहीत. त्यांच्या आयांना जे काम कधी करावं लागलं नाही, ते काम आपण आता पोरांच्या गळ्यात बांधलंय.

ते काम म्हणजे मध्यस्थाचं. पूर्वी लग्न जुळवणारा एक माणूस असायचा. कुणाचा मामा, कुणाचे गावातले अण्णा, नाहीतर दोन्ही घरांत ऊठबस असलेले एखादे गुरुजी. साखरपुड्याआधी दोन्हीकडची चार वडीलमाणसं बसायची आणि याद व्हायची. कागदाला हळदकुंकू लावून त्यावर लिहायचं: माणसं किती येणार, जेवणाचा खर्च कुणाचा, मानाच्या साड्या किती, वऱ्हाडाच्या गाडीचं भाडं कोण देणार. खाली दोन्हीकडच्या सह्या. पुढे कुरबुर झाली तर शिव्या मध्यस्थाला बसायच्या. दोन्हीकडचं कडू तो गिळायचा आणि लग्नाच्या दिवशी मानाचा फेटा घेऊन घरी जायचा. नवरानवरीला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नसे.

ती याद सोवळी होती असं मी म्हणत नाही. त्याच कागदावर हुंडाही लिहिला जायचा, आणि हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला तरी पुष्कळ घरांत तो लिहिला गेला. तो कागद गेला ते बरंच झालं. पण हुंड्याबरोबर आकडाही गेला, आणि तिथं घोटाळा झाला. आता मुलाकडचे म्हणतात, ‘आम्हाला काय नको ओ, लग्न तेवढं चांगलं करून द्या.’ ऐकायला किती गोड! पण आकडा असलेली मागणी परवडत नाही म्हणून सांगता येतं. ‘चांगलं’ या शब्दाला नाही कसं म्हणायचं? त्याचा अर्थ रोज नव्यानं लागत जातो, आणि तो विचारायला मध्ये कुणी नसतो. असतात ती दोन पोरं, हातात फोन घेऊन.

माझ्या नात्यातल्या एका लग्नाचं सांगते. मुलगी बेळगावची, मुलगा सांगलीकडचा, नोकरी पुण्यात. दोघं एकमेकांना पसंत, सहा महिने रोज बोलणं. कार्यालय मुलीकडच्यांनी घेतलेलं, जेवणही त्यांच्याकडं. मुलीकडची 300 आणि मुलाकडची 250 माणसं धरून आचाऱ्याला साडेपाचशे ताटं सांगितलेली. लग्नाला तीन आठवडे असताना मुलाच्या वडिलांनी गावातली नावं काढली आणि 250 ची 400 झाली.

हिशेब अवघड नव्हता. ताट 300 रुपयांना, म्हणजे दीडशे माणसांचे 45,000. खरी अडचण पंगतीची होती. कार्यालयात एका वेळी 200 माणसं बसत. साडेपाचशेला तीन पंगती पुरत, सातशेला चौथी लागणार. मुहूर्त साडेबाराचा आणि एक पंगत उठून दुसरी बसायला पाऊण तास. म्हणजे चौथ्या पंगतीला वाढायला तीन वाजून जाणार. घरची माणसं नेहमी शेवटी बसतात. त्यांच्यातल्या दोन आज्या दिवसातून एकदाच जेवणाऱ्या, आणि त्यांचं जेवण दुपारच्या आत व्हायला हवं.

आता हे बोलणं कसं झालं ते बघा. मुलीचे वडील मुलाच्या वडिलांना फोन करेनात, कारण मुलीच्या बापानं तोंड उघडलं की पैशावरून बोलला असं होतं. ते मुलीला म्हणाले, ‘बघ की जरा विचारून, माणसं कमी होतात काय.’ मुलीनं मुलाला विचारलं. मुलानं आईला. आई म्हणाली, ‘आमची माणसं काय जास्त झाली काय त्यांना?’ मुलानं ते मऊ करून सांगितलं, ‘आईला जरा वाईट वाटलंय.’ मुलीला वाटलं, आपण साधा प्रश्न विचारला, वाईट वाटण्यासारखं काय होतं? घरी तिचा चेहरा बघून तिच्या आईनं विचारलं, आणि उत्तरात त्या मऊ निरोपाचा पुन्हा काटा झाला. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, ‘तुमच्याकडं प्रत्येक ताट मोजतात.’ मुलगी म्हणाली, ‘तुमच्याकडं मोजावं लागत नाही, कारण पैसे आमचे जातात.’

ही दोन वाक्यं त्या दोघांची नव्हतीच. ती दोन घरांची होती, पण निघाली त्यांच्या तोंडून. हेच मला सांगायचंय. निरोप्या नुसता निरोप पोचवत नाही. आपल्या घराची बाजू सांभाळता सांभाळता तो त्या घराचा वकील होतो, आणि ज्याच्याबरोबर संसार करायचा तो समोरच्या बाजूचा. तुमच्या घरात हे सुरू झालंय का ते ओळखायची खूण सोपी आहे. पोरांच्या बोलण्यातलं ‘आपण’ कमी होऊन ‘आमच्याकडं’ आणि ‘तुमच्याकडं’ वाढलं की समजा, भांडण पोरांचं राहिलेलं नाही.

शेवटी मुलीचा मामा आणि मुलाचे चुलते समोरासमोर बसले. तासाभरात मिटलं. गावातल्या दीडशे माणसांना मुलाकडच्यांनी लग्नानंतर आपल्या दारात जेवण घातलं, आणि आज्यांची पानं पहिल्या पंगतीत मांडली. एवढंच होतं. पण त्या चार दिवसांत बोललेली वाक्यं कुणाला परत घेता आली नाहीत. लग्नाला दोन वर्षं झाली, माहेरी काही पाठवायचं म्हटलं की ती अजून ‘मोजतात’ हा शब्द काढते.

तरुण मंडळी म्हणतात, आम्ही आमच्या पैशानं लग्न करतो, मग कुणाचं ऐकायचं कारण नाही. खर्च पोरांनी केला तरी पाहुण्यांच्या यादीतली बहुतेक नावं आईवडिलांच्या ओळखीची, आणि रुसवेफुगवेही त्यांचेच. पैसे पोरांचे झाले म्हणून निरोप थांबत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हुंड्याची ओळ कायमची वगळून यादीचा कागद परत आणा. माणसं, ताटं, पंगती, जेवणाची वेळ, साड्या, कुणाचा किती वाटा, सगळं साखरपुड्याआधी आकड्यांत लिहा. 1985 च्या नियमांप्रमाणे वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंची सह्यांची यादी ठेवावीच लागते. कागदाची लाज वाटायचं कारण नाही. आणि दोन्ही घरांनी एकेक माणूस नेमा. नंतर काही बदललं तर त्या दोघांनीच एकमेकांना फोन करायचा.

कागदानं सगळं सुटत नाही हे मला ठाऊक आहे. मागणी ताटांची नसून ‘आमचंच चालणार’ ही असेल, तर लिहिलेला आकडाही मोडला जातो. पण मग तो कुणी मोडला हे निदान कागदावर दिसतं, आणि लग्न पुढे ढकलायचं की काय याचा विचार मुलीला वेळेत करता येतो.

आणि मुलामुलींनो, ‘जरा विचारून बघ की’ असं घरातलं कुणी म्हटलं, तर मोठ्या माणसाचा मान राखून एवढंच सांगा: ‘त्यांचा नंबर देते, तुम्हीच विचारा.’