विश्लेषण : मलेरियाची लस पुण्यात बनते, मग शेंदूरजनाघाटात का मिळत नाही?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी ‘आर२१’ ही मलेरियाची लस आफ्रिकेतील अनेक देशांत लहान मुलांना दिली जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. शेंदूरजनाघाटात मात्र पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, की आजही रक्त तपासायचे आणि गोळ्या घ्यायच्या, हाच मार्ग आहे. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. यामागचे एक मोठे कारण यकृतात दडलेले आहे.

डास चावल्यावर नेमके काय होते?

अ‍ॅनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून मलेरियाचे परजीवी त्वचेत उतरतात. या अवस्थेतील परजीवीला स्पोरोझोइट म्हणतात. एका चाव्यात ते साधारण काही डझन असतात. त्वचेतून सरपटत ते रक्तवाहिनी गाठतात आणि रक्तात शिरल्यावर काही मिनिटांतच यकृतात पोहोचतात. तिथे काही पेशी भेदून पुढे जातात आणि शेवटी एका पेशीत ठाण मांडतात. तिथे आठवडाभर त्यांची वाढ होते. या काळात ताप नाही, अंगदुखी नाही आणि रक्ताच्या तपासणीतही काही सापडत नाही.

लस कशावर नेम धरते?

स्पोरोझोइटच्या अंगावर एका प्रथिनाचे दाट आवरण असते. त्याचे नाव सर्कमस्पोरोझोइट प्रोटीन, म्हणजेच सीएसपी. त्यात चार अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. ‘आर२१’ आणि तिच्याआधीची ‘आरटीएस,एस’ या दोन्ही लसींमध्ये हाच भाग कावीळ ब विषाणूच्या प्रथिनाला जोडून वापरला आहे. लस घेतल्यावर शरीर या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ती स्पोरोझोइटला चिकटली, की त्याची हालचाल मंदावते आणि तो यकृतापर्यंत पोहोचत नाही.

मग अडचण कुठे आहे?

समजा, एका चाव्यात ५० स्पोरोझोइट शिरले आणि प्रतिपिंडांनी त्यातले ९० टक्के अडवले. तरी ५ निसटतात. ९८ टक्के अडवले, तरी एक उरतोच, आणि तो एकच पुरेसा ठरतो. यकृताच्या एका पेशीत त्याच्यापासून हजारो नवे परजीवी तयार होऊन रक्तात उतरतात. गोवर किंवा करोनाच्या लसीनंतर संसर्ग झाला, तरी आजार बहुधा सौम्य राहतो. इथे तसे होईलच असे नाही, कारण रक्तात उतरलेल्या परजीवीच्या अंगावर सीएसपी नसते. ज्यावर नेम धरून प्रतिपिंडे तयार झाली, ते लक्ष्यच नाहीसे होते.

दुसरी अडचण वेळेची आहे. प्रतिपिंडांना काम करायला त्वचेतील थोडा वेळ आणि रक्तातील काही मिनिटेच मिळतात. म्हणून चावा बसतो त्या क्षणी त्यांचे प्रमाण रक्तात खूप जास्त असावे लागते. ते महिन्यागणिक घटते. त्यामुळेच ‘आर२१’च्या तीन मात्रांनंतर वर्षभराने चौथी मात्रा द्यावी लागते. चाचण्यांत पहिल्या वर्षी मलेरियाचे प्रमाण हंगामी प्रसार असलेल्या भागांत सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. म्हणजे लस घेतलेल्या काही मुलांनाही मलेरिया झालाच.

यकृतातच त्याला मारता येत नाही का?

परजीवी पेशीत शिरला, की प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तिथे टी पेशींची गरज लागते. त्यांना यकृताच्या अब्जावधी पेशींतून बाधित झालेल्या मोजक्या पेशी आठवड्याच्या आत शोधाव्या लागतात. त्यासाठी मोठ्या संख्येने टी पेशी आधीपासून यकृतात तैनात असाव्या लागतात. आजच्या लसींना हे नीट साधलेले नाही.

भारतासाठी वेगळा पेच काय?

‘आर२१’मधील सीएसपी फाल्सिपेरम या जातीचे आहे. आफ्रिकेत बहुतांश मलेरिया याच जातीमुळे होतो. भारतात फाल्सिपेरमबरोबर व्हायवॅक्सही मोठ्या प्रमाणात आढळतो. व्हायवॅक्सच्या सीएसपीतील पुन्हा पुन्हा येणारा तुकडा वेगळा आहे, त्यामुळे एका जातीविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या जातीवर चालत नाहीत. आयसीएमआर विकसित करत असलेली ‘अ‍ॅडफाल्सिवॅक्स’ ही लसही फाल्सिपेरमसाठीच आहे.

व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात आठवडे किंवा महिने निद्रिस्त राहतात. नंतर ते जागे होतात आणि नवा डास न चावताही ताप उलटतो. म्हणूनच व्हायवॅक्सच्या रुग्णाला क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनंतरही प्रायमाक्विनच्या गोळ्या एकूण १४ दिवस घ्यायला सांगतात. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारते, तर प्रायमाक्विन यकृतात झोपलेल्यांना. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या थांबवल्या, तर यकृतातले परजीवी तसेच राहतात. गर्भवती आणि तान्ह्या बाळांना मात्र प्रायमाक्विन देत नाहीत, त्यामुळे ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी लागते.