मुलांना पत्र : घर एकीलाच का?

प्रिय मुलांनो,

अमरावतीचे घर मधलीला हिबा करायचे आम्ही ठरवले आहे. आमच्या पश्चात हे दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आज आमच्याकडूनच कळलेले बरे.

हजरत नुअमान बिन बशीर (र.) यांची हदीस आम्हाला ठाऊक आहे. वडिलांनी त्यांना एक देणगी दिली, तेव्हा नबी करीम (स.) यांनी विचारले की सगळ्या मुलांना असेच दिले का? 'नाही' म्हटल्यावर ते साक्षीदार झाले नाहीत. म्हणून आम्ही आधी हिशेब मांडला. थोरल्याला अकोल्याच्या फ्लॅटसाठी बारा लाख दिले. धाकटीला प्लॉट घेऊन दिला, तो आज तेवढ्याचाच आहे. मधलीला काहीच दिले नव्हते. घराची किंमत अठरा लाख आहे, म्हणजे तिला सहा लाख जास्त जातात. ते आम्ही लपवत नाही. ती विधवा आहे, दोन लेकरे पदरात आहेत आणि दुसरे छप्पर नाही. गरज पाहून कमी-जास्त द्यायला उलमांनी वाव दिला आहे. एखाद्याचा हक्क मारण्याच्या नियतीने दिलेले गैर आहे. चार एकर शेतीला आम्ही हात लावलेला नाही. ती शरीअतप्रमाणे तुम्हा तिघांत वाटली जाईल.

थोरल्याने विचारले होते, "वसीयत का नाही?" एका वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकी वारसांनी आमच्या मृत्यूनंतर मान्य केली तरच चालते. म्हणजे भांडण तेव्हाच उभे राहणार. मरणाच्या आजारात दिलेल्या हिब्यालाही तीच अडचण येते. म्हणून आम्ही धडधाकट असतानाच देत आहोत.

हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. बहुतेक भांडणे ताब्यावरून होतात. आम्ही त्याच घरात राहणार, म्हणून ताबा दिसेल असा द्यावा लागेल. किल्ल्या, घराची मूळ कागदपत्रे आणि वरच्या खोलीचे भाडे तिच्याकडे जाईल. महापालिकेची घरपट्टी आणि वीजबिल तिच्या नावावर होईल. तोंडी हिबाही चालतो, तरी आम्ही दस्त नोंदवू. राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा.

एका बापाने 1968 साली एका मुलाला हिबा लिहून दिला आणि त्याच वर्षी तो वारला. कागद नोंदवलेला नव्हता. भावंडांचा वाद सर्वोच्च न्यायालयात 2011 साली संपला. हिबा टिकला, पण त्रेचाळीस वर्षे गेली.

ताबा दिल्यावर पोटच्या लेकराकडून हिबा परत घेता येत नाही. उद्यापासून आम्ही तिच्या घरात राहू, हे समजूनच देत आहोत.

ईदनंतरच्या रविवारी तिघेही या. मनात काही असेल तर सही होण्याआधी आमच्या तोंडावर बोला. तुमचे ऐकल्याशिवाय आम्ही नोंदणी कार्यालयात जाणार नाही.

तुमचे,
अब्बा आणि अम्मी