नंबर गेला, निरोप मागे राहिला



सरकारने आपल्या प्रत्येक कामाला ओटीपीचे कुलूप लावले आहे. भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा, तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते. पीएम किसानची केवायसी, बँकेचा व्यवहार, सगळीकडे मोबाईलवर आलेला आकडा सांगावा लागतो. आणि नेमका हाच आकडा, मोबाईल कंपनी बदलली की काही दिवस गायब होतो. फोन लागतो, बोलणे होते, ओटीपी मात्र येत नाही.

हे का होते, ते समजून घ्या. समजा, एका शेतकऱ्याने सोमवारी 'PORT', मोकळी जागा आणि आपला दहा आकडी नंबर असा मेसेज १९०० ला पाठवला. आठ अक्षरांचा कोड आला. हा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. तो घेऊन त्याने नव्या कंपनीचे सिम घेतले. नियमाप्रमाणे एकाच परिमंडळात नंबर हलायला तीन कामाचे दिवस लागतात. गुरुवारी रात्री जुने सिम बंद पडले, काही तासांनी नवे सुरू झाले. शुक्रवारी मुलाचा फोन आला, शनिवारी त्याचा साधा मेसेजही आला. बँकेचा ओटीपी मात्र सोमवारपर्यंत नाही.

गोम अशी आहे. पूर्वी नंबराच्या पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखू येई. २०११ मध्ये देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली आणि ती ओळख पुसली गेली. आता कोणता नंबर कोणत्या कंपनीकडे आहे, याची वेगळी नोंदवही असते आणि नंबर हलला की सर्व कंपन्यांना तसे कळवले जाते. परंतु बँक किंवा सरकारी खाते मेसेज स्वतः पोचवत नाही. ते काम मधल्या ठेकेदार संस्थेकडे असते. तिच्याकडची यादी शिळी असली, तर ओटीपी जुन्या कंपनीच्या दारात जातो. बिऱ्हाड हलले, पण पोस्टमन जुन्याच घरी पत्र घेऊन गेला, त्यातलाच प्रकार! बँकेचा कारकून म्हणतो, "आमच्याकडून मेसेज गेला." तो खोटे बोलत नाही. गेला, पण भलत्या घरी.

दोष कुठे आहे, हे घरबसल्या ओळखता येते. फोन बंद करून चालू करा, मेसेजची जागा भरली असेल तर रिकामी करा, नको असलेल्या मेसेजचा कप्पाही पाहा. मग वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेल्या दोघा शेजाऱ्यांना साधा मेसेज पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप नको. एकाचाही येत नसेल तर दोष नव्या कंपनीकडे. एकाचा येतो, दुसऱ्याचा नाही, तर त्या दुसऱ्या कंपनीची नोंद जुनी आहे. दोघांचे येतात, फक्त बँकेचा येत नाही, तर दोष बँकेच्या ठेकेदाराकडे. सिम हरवून त्याच नंबराचे नवे कार्ड घेतले असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे फसवणूक टाळण्यासाठी २४ तास मेसेज बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा आदेश आहे. तेवढे थांबा.

तक्रार नव्या कंपनीकडे १९८ वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाचा ओटीपी मागितला, तेही सांगा. बँकेलाही हाच तपशील लेखी द्या. आधारमधला नंबर बदलायला धावू नका. नंबर तोच आहे, बदलायला काहीच नाही. पीएम किसानची केवायसी अडली तर सेवा केंद्रात अंगठा लावून होते. आणि "पोर्टिंग अर्धवट आहे, कोड सांगा" असा फोन आला तर तो ठकाचा समजा. आठ अक्षरांचा कोड ज्याच्या हाती, तो तुमचा नंबर घेऊन जाऊ शकतो.

ऐन नोंदणीत किंवा पीककर्जाच्या दिवसांत कंपनी बदलू नका, हा माझा सल्ला. पण शेतकऱ्याने सांभाळून राहावे, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. नियम नंबर हलायचे दिवस मोजतो. ओटीपी परत यायला किती दिवस लागले, ते कोणीच मोजत नाही. म्हणून दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. ओटीपी पाठवणाऱ्या ठेकेदाराने दर वेळी ताजी नोंद पाहूनच तो पाठवावा, आणि चुकीच्या दारी गेला तर बँकेने व खात्याने जबाबदारी घ्यावी. दुसरे, जिथे शेवटची तारीख आहे, तिथे अंगठ्याची किंवा समक्ष कागद दाखवून नोंदणीची सोय तालुक्याला हवीच. मेसेज वाट चुकला म्हणून कापूस व्यापाऱ्याच्या दारात पडेल त्या भावाने का घालायचा?