व्याख्यानाच्या सूचनेतील ‘कलर्ड’ या शब्दाविषयी

केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीच्या विस्थापनावर मंडळाने गेल्या महिन्यात व्याख्यान ठेवले होते. त्याच्या सूचनेतील ‘कलर्ड’ या शब्दाला काही ज्येष्ठ सभासदांनी लेखी हरकत घेतली, तर दक्षिण आफ्रिकेत राहून आलेल्या काही कुटुंबांनी तो आवर्जून ठेवावा असे कळवले. दोन्ही मतांचा आदर राखून कार्यकारिणीने शब्द कायम ठेवला.

हरकतीमागे ब्रिटनमधला अनुभव आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत या देशात भारतीय, पाकिस्तानी आणि कॅरिबियन स्थलांतरितांना सरसकट हेच विशेषण लावले जाई, आणि भाड्याच्या खोल्यांच्या पाट्यांवर ते नकारासाठी लिहिले जाई. घरे देतानाचा असा भेदभाव १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरला. ते दिवस सोसलेल्यांना हा शब्द मंडळाच्या कागदावर खुपावा, हे स्वाभाविकच आहे. अमेरिकेत मात्र त्याच शब्दाचा रोख प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांवर होता.

दक्षिण आफ्रिकेत तो कायद्याने ठरवलेला वर्ग होता. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक रहिवाशाला गोरा, ‘नेटिव्ह’ म्हणजे आफ्रिकी, किंवा कलर्ड ठरवले. पहिल्या दोहोंत न बसणारा तो कलर्ड, अशी ही उरलेल्यांची व्याख्या असल्याने १९५९ च्या उपवर्गांत केप कलर्ड, मलाय आणि ग्रिक्वा यांच्यासोबत भारतीय व चिनीही मोडत, आणि भारतीयांचा स्वतंत्र वर्ग पुढे झाला. निकष रूप आणि समाजातील स्वीकृती हे असल्याने नोंद बदलूही शकत असे. सँड्रा लेंग ही गोऱ्या आईबापांची मुलगी. त्वचा आणि केस यांवरून तिला १९६६ मध्ये कलर्ड ठरवून शाळेतून काढले गेले, आणि वंशाला प्राधान्य देणाऱ्या दुरुस्तीनंतर १९६७ मध्ये ती पुन्हा गोरी ठरली, मात्र गोऱ्या शेजाऱ्यांनी तिला स्वीकारले नाही. त्याच १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांसाठी राखीव झाले आणि पुढील वर्षांत साठ हजारांवर माणसे तेथून हलवली गेली, त्यांत बहुसंख्य कलर्ड होती. नोंदणी कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, तरी तेथील अनेकजण स्वतःची ओळख याच शब्दाने सांगतात, काहींना तो अमान्यही आहे. व्याख्यान याच समाजाविषयी असल्याने शब्द बदलला असता तर विषयच धूसर झाला असता, असे कार्यकारिणीचे मत आहे.

खेदाची गोष्ट अशी की, पत्रे लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंचे मोजकेच सभासद व्याख्यानाला आले. ब्रिटनमधील त्या दशकांच्या आठवणींवर पुढील अंक काढण्याचे ठरले असून, ज्येष्ठांनी त्या काळची भाडेपत्रे व छायाचित्रे चिटणीसांकडे द्यावीत, आणि लिहिणे कठीण असल्यास तसे कळवावे, म्हणजे तरुण सभासद घरी येऊन त्या लिहून घेतील.