सीओटूवाल्याला मिग येत नाही, हे ठरवलं कोणी?

चाकण-भोसरीत भरती करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: अर्ज ढीगभर येतात, कामाचा माणूस मिळत नाही. जुन्नर-आंबेगावातली आयटीआय झालेली पोरं नेमकं उलट सांगतात: अर्ज करतो, बोलावणंच येत नाही. एकाच पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या दोन तक्रारी बऱ्याचदा एकाच जागी जन्माला येतात, अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शोधचौकटीत.

वेल्डरचंच उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्याला तीन मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याचे ब्रॅकेट जोडायला माणसं हवी आहेत. जाहिरातीत ‘मिग वेल्डर’ असं छापलं आणि चौकटीत `MIG` टाकलं. घोडेगावच्या पोराने अर्जात लिहिलंय ‘सीओटू वेल्डिंग, दोन वर्षं, १.२ मिमी वायर’, कारण शॉपमध्ये सगळे तेच म्हणतात. मंचरच्या दुसऱ्याने आयटीआयच्या पुस्तकातलं `GMAW` उतरवलंय. दोघंही गळाले. दोघांच्या हातात बंदूक तीच, वायर तीच आणि कारखान्याचं कामही तेच.

यावर भरती खात्याचं उत्तर तयार असतं: जाहिरातीत जो शब्द आहे तोच उमेदवाराने लिहावा, एवढंही कळत नसेल तर दोष त्याचा. हे उत्तर टिकत नाही. जाहिरातीतला शब्द तरी कुठे बरोबर आहे? मिगमधला ‘आय’ म्हणजे निष्क्रिय वायू, आर्गनसारखा. ती पद्धत मुख्यतः ॲल्युमिनियमसाठी. साध्या पोलादावर कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गनमध्ये तो मिसळून वापरतात. तो वायू सक्रिय, म्हणून त्या पद्धतीचं शास्त्रशुद्ध नाव मॅग. आयएसओ ४०६३ या मानकात दोघांना वेगळे क्रमांक आहेत: मिगला १३१, मॅगला १३५. जीएमएडब्ल्यू हे अमेरिकी पद्धतीचं नाव दोघांनाही पोटात घेतं. म्हणजे कारखान्याला हवं होतं १३५, त्याने सवयीने लिहिलं १३१ चं नाव आणि १३५ करणाऱ्या पोराला घरी बसवलं. चुकीचा शब्द ज्याने लिहिला तो पास झाला, ज्याने काम सांगितलं तो नापास.

मग दुसरा पक्ष उठतो, हा जास्त उत्साही. तो म्हणतो, सोपं आहे, सगळी नावं एका पिशवीत भरा आणि एकमेकांच्या जागी चालवा. हा उपाय पहिल्याइतकाच घातक आहे. पुढच्या महिन्यात त्याच कारखान्याला ॲल्युमिनियमचं काम आलं तर ही पिशवी सीओटूवाल्यांची रांग लावून देईल. आपल्याकडे शॉपमध्ये टिगला ‘आर्गन’ म्हणतात, आणि आर्गन तर मिगमध्येही लागतो. ‘आर्गन’ हा शब्द पिशवीत टाकला की टिगवाला मिगच्या यादीत शिरतो. सारखं दिसणारं नाव आणि सारखं काम यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने पिशवी भरू नये.

शिवाय यंत्र अक्षरं बघतं, अर्थ नाही. शब्दाच्या सीमा न पाहता `ITI` शोधलं तर `position` आणि `responsibilities` असलेला प्रत्येक इंग्रजी अर्ज सापडतो. `TIG` हे `investigation` मध्ये दडलेलं असतं. वेल्डरच्या अर्जातलं `3G` म्हणजे उभ्या पाटीवरचा जोड, मोबाइल टॉवरवाल्याच्या अर्जातलं `3G` म्हणजे नेटवर्क. इथे तर शब्दाची सीमा पाहूनही भागत नाही, आजूबाजूला वेल्डिंगचा उल्लेख आहे का ते बघावं लागतं. कोणी `CO₂` असा खाली उतरवलेला दोन टाकतो, कोणी ओच्या जागी शून्य दाबतो. अर्ज चाळण्याआधी ही अक्षरं एका रूपात आणणं हे यादी करण्याइतकंच गरजेचं काम आहे, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

माझं म्हणणं असं की नावांच्या यादीला दिशा हवी. काही नावं खरोखर एकच: टिग आणि जीटीएडब्ल्यू. ती दोन्ही बाजूंनी चालवा. काही नावं मोठ्या छत्रीची: कारखान्याने जीएमएडब्ल्यू मागितलं तर मॅगवाला चालतो, पण मिग-ॲल्युमिनियम मागितलं आणि अर्जात नुसतं जीएमएडब्ल्यू असलं तर त्याला गाळायचं नाही, फोन करून धातू कोणता ते विचारायचं. वर सांगितलेल्या ब्रॅकेटच्या कामासाठी शोध असा होईल:

```
(MIG OR MAG OR GMAW OR CO2) AND (weld OR welder OR welding)
```

ॲल्युमिनियमच्या कामासाठी यातलं `CO2` आणि `MAG` काढायचं, `aluminium` किंवा `aluminum` यांपैकी कोणतंही स्पेलिंग असलेले अर्ज वर आणायचे आणि बाकीच्यांना फोन करायचा. एकाच हुद्द्यासाठी दोन वेगळ्या याद्या होतात, हे मान्य केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आवृत्त्यांचंही तसंच. हिशेबनिसाच्या जागेला टॅली प्राइम मागितलं आणि नारायणगावच्या मुलीने टॅली ईआरपी ९ लिहिलं, तर ती गळायला नको. प्राइम २०२० मध्ये आलं, मेनूची मांडणी बदलली. लेजर आणि व्हाउचर तेच राहिले. तिला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: काम १ जुलै २०१७ च्या आधीचं की नंतरचं? आधीचं असेल तर तिने व्हॅट भरलाय, जीएसटी नाही. इथे आवृत्तीपेक्षा साल महत्त्वाचं. याउलट अवसरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाने अँग्युलरजेएस लिहिलं आणि कंपनीला अँग्युलर हवं असलं, तर नाव जुळतं, काम जुळत नाही. २०१६ ची दुसरी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि भाषा टाइपस्क्रिप्ट झाली. एके ठिकाणी आवृत्तीचं नाव बदललं तरी कौशल्य तेच, दुसरीकडे नाव तेच राहून कौशल्य बदललं. हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला ठाऊक नसतं. ते त्या कामावर बसलेल्याला ठाऊक असतं.

कोणी म्हणेल, एवढा कुटाणा कोण करणार? कुटाणा फार नाही. गाळलेल्या अर्जांतले वीस-पंचवीस अर्ज हाताने वाचा. त्यांत कामाचा माणूस सापडला की त्याने कोणता शब्द वापरला होता ते यादीत घाला. निवडलेल्यांपैकी कोण वेल्डिंगच्या चाचणीत आपटला ते बघा, आणि कोणत्या शब्दामुळे तो आत आला तो शब्द काढा किंवा त्याची दिशा बदला. दोन्ही ढीग न वाचता यादी बरोबर आहे असं म्हणणाऱ्याने ती तपासलेलीच नाही. यादी कितीही नीट असली तरी ती माणसाला चाचणीच्या पाटीपर्यंतच नेते. जोड पक्का आहे की नाही ते पाटी वाकवल्यावरच कळतं.

उमेदवारांना ‘सगळी नावं ठोकून द्या’ असा सल्ला देणारे शिकवणीवाले मात्र मला पटत नाहीत. जो टिग कधी शिकला नाही त्याने टिग लिहून आत जायचं आणि पाटीसमोर उभं राहून घाम पुसायचा, यात कोणाचंच भलं नाही. ज्या कामाचा हात आहे त्याचीच सगळी नावं लिहावीत, सोबत धातू, जाडी आणि वायर: `CO2 welding / MAG / GMAW, mild steel 3 mm, 1.2 mm wire, 2 years`. ही एक ओळ माणसालाही कळते आणि यंत्रालाही.

पण पहिली जबाबदारी पोराची नाही, चाळणी लावणाऱ्याची आहे. तेव्हा चाकणच्या भरती खात्यांना एवढीच विनंती: पुढची जाहिरात छापण्याआधी शॉपच्या फोरमनला अर्धा तास शेजारी बसवा आणि या कामाला तुमच्याकडे काय काय म्हणतात ते त्याच्याकडून लिहून घ्या.