सू-वीड मशीन घेताय? मग आधी बर्फाची सोय बघा

सू-वीडच्या व्हिडिओनंतर बॅचमधल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, कुठलं मशीन घेऊ?" माझं दुकानच हॉटेल-केटरिंगच्या सामानाचं आहे आणि हे मशीन मी विकतोही. तरी आज स्पष्ट सांगतो. या धंद्यात मशीन हा सगळ्यात सोपा भाग आहे. शिजवणं मशीन सांभाळतं, पण शिजवल्यानंतरचे दोन तास तुम्हालाच सांभाळावे लागतात. त्या दोन तासांची व्यवस्था नसेल तर माझं मत आहे की मशीन घेऊच नका.

आधी ते काम कसं करतं ते बघू, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

तव्यावर चिकन ब्रेस्ट टाकलं की तवा असतो दोनशे अंशांच्या आसपास आणि आपल्याला आतून हवे असतात 65. आतला भाग 65 ला पोचेपर्यंत बाहेरचा थर कधीच त्याच्या पुढे गेलेला असतो, म्हणून तो दोऱ्यासारखा कोरडा होतो. बरोबर क्षणी उतरवायला एखादं मिनिट मिळतं. घरी ते जमतं. ऑर्डरची रांग लागली की रोज जमत नाही.

सू-वीडमध्ये पाणीच 65 अंशांवर धरून ठेवतात. चिकन हवा काढलेल्या पिशवीत बंद करून त्या पाण्यात सोडायचं. पाणी 65 च्या वर जात नाही, म्हणजे चिकनही जाऊ शकत नाही. कडेपासून मध्यापर्यंत सगळं एकाच तापमानाला येऊन थांबतं. दहा मिनिटं उशिरा काढलं तरी फरक कळत नाही. छोट्या किचनला याचा खरा फायदा हाच आहे: आचारी कोणीही असो, सोमवारचा आणि शुक्रवारचा बॉक्स सारखाच निघतो.

मशीनमध्ये तीनच गोष्टी असतात: पाणी तापवणारी कॉइल, तापमान मोजणारा सेन्सर आणि पाणी फिरवणारा छोटा पंखा. लोक पंख्याकडे दुर्लक्ष करतात, पण तो नसेल तर काय होतं बघा. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली बसतं. शिवाय थंड पिशवीला चिकटलेलं पाणी स्वतः गार होतं आणि पिशवीभोवती गारव्याचा थर तयार होतो. वर 65 दिसतात आणि पिशवीजवळ त्याहून कमी असतात. पंखा तो थर सतत हलवत राहतो. म्हणूनच पातेलं गॅसवर ठेवून थर्मामीटर बुडवण्याचा जुगाड मी धंद्यासाठी सुचवत नाही.

दुसरी खुबी कंट्रोलरची. घरचा गीझर ठरलेल्या तापमानाला बंद होतो, पाणी बरंच गार झालं की परत चालू होतो. त्यात काही अंशांचा झोका असतो. हे मशीन चांगल्या ड्रायव्हरसारखं चालतं. सिग्नल दिसला की तो आधीच ॲक्सिलरेटर सोडतो, तसं पाणी 65 च्या जवळ आलं की कॉइलची ताकद हळूहळू कमी होते. म्हणून तापमान जवळजवळ जागचं हलत नाही.

आता एक हिशोब करू. समजा तुम्ही जिमवाल्यांना चिकन-सॅलडचे रोज 20 बॉक्स देता, प्रत्येकी 150 ग्रॅम कच्चं चिकन. म्हणजे 3 किलो. त्यासाठी 20 लिटरचा टब घ्या. नळाचं पाणी 28 वरून 65 वर न्यायला 1000 वॅटच्या मशीनला जवळपास तास लागतो. गीझरचं पाणी भरलंत तर वेळ वाचेल. फ्रिजमधलं चिकन टाकल्यावर आकडा एक-दोन अंश खाली येतो. तो परत 65 झाला की तिथून वेळ मोजायची.

वेळ किती? इथेच गल्लत होते. लोक वजन बघून वेळ लावतात, पण वेळ ठरते जाडीवर. जाडी दुप्पट झाली तर आतपर्यंत उष्णता पोचायला जवळपास चौपट वेळ लागतो. ब्रेस्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतं. म्हणून ते प्लास्टिकखाली ठेवून हलक्या हाताने ठोका आणि सगळीकडे 25 मिलिमीटर करा. दोन तुकडे एकावर एक घालू नका. पिशव्याही टबात एकमेकींना चिकटून बसू देऊ नका, कारण चिकटलेल्या दोन पिशव्या म्हणजे पाण्याच्या दृष्टीने एकच जाड पिशवी. 25 मिलिमीटरसाठी 65 अंशांवर मी दीड तास धरतो. चिकनमधले साल्मोनेलासारखे जंतू मरण्यासाठी मध्यभागाने तापमान गाठायला हवं आणि काही मिनिटं तिथे टिकायलाही हवं. दीड तासात ते होऊन वर थोडी मोकळीक राहते. तरी पहिल्या आठवड्यात रोज एक पिशवी फोडा आणि सुईचा थर्मामीटर सगळ्यात जाड जागी मध्यापर्यंत घाला. 65 च्या जवळ आकडा दिसला नाही तर आधी जाडी तपासा. बहुतेक वेळा मशीन नाही, जाडीच चुकलेली असते.

पुस्तकांत 60 किंवा 63 सुद्धा लिहिलेलं सापडेल. तेही सुरक्षित आहे, फक्त वेळ जास्त द्यावी लागते. पण आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला आत जराशी गुलाबी छटा दिसली की तो "कच्चं आहे" म्हणून बॉक्स परत पाठवतो. त्याच्याशी वाद घालून रेटिंग वाढत नाही. म्हणून 65.

आता मसाल्याचं. 65 अंशांवर फोडणी होत नाही, हे लक्षात ठेवा. तेलात परतल्यावर मसाल्याला जो वास सुटतो तो इथे सुटणारच नाही. हळद-तिखट कच्चंच लागेल. कच्चा लसूण तर पिशवीत टाकूच नका. तो उग्र कच्चा लागतो, शिवाय बिनहवेच्या पिशवीत तो धोक्याचाही आहे. दह्या-लिंबात तासन् तास मुरवलेलं चिकन वरून पिठूळ होतं. माझी पद्धत: पिशवीत फक्त मीठ, मिरपूड आणि चमचाभर तेल. मसाला शेवटी, कडकडीत तव्यावर. चिकन टिश्यूने पूर्ण कोरडं करायचं आणि एका बाजूला पाऊण मिनिट. ओलं टाकलंत तर ते भाजण्याऐवजी उकडेल.

आता बर्फाकडे येतो.

65 अंशांवर चालते-फिरते जंतू मरतात, पण काही जंतूंची बीजं, म्हणजे स्पोअर, मरत नाहीत. त्यांना हवा नको असते आणि तुमच्या पिशवीत हवा नसतेच. पिशवी 50 ते 10 अंशांच्या दरम्यान रेंगाळली की ती बीजं जागी होतात. वास येईलच असं नाही, पिशवी फुगेलच असंही नाही. गरम पिशव्या तशाच फ्रिजमध्ये रचल्या तर बाहेरच्या गार होतात, मधल्या तासन् तास कोमट राहतात आणि आधीपासून ठेवलेल्या मालालाही तापवतात. फ्रिज थंडी टिकवायला बनवलेला आहे, 3 किलो गरम चिकन झटपट गार करायला नाही.

म्हणून टबातून पिशव्या थेट बर्फाच्या पाण्यात. किती बर्फ? 3 किलो चिकन 65 वरून 5 वर आणायला साधारण 2 किलो बर्फ वितळतो. टब, नळाचं पाणी आणि मे महिन्यातली हवा यांचाही वाटा त्यात असतो. म्हणून 4 ते 5 किलो बर्फ घ्या आणि पिशव्या बुडतील एवढंच पाणी घाला. पिशव्या मधेमधे हलवा, नाहीतर मगाचचाच गारव्याचा थर इथे उलटा होतो. तास-सव्वा तासाने शेवटपर्यंत बर्फाचे तुकडे तरंगत असले पाहिजेत. सगळा वितळला असेल तर बर्फ कमी पडला, अजून टाका. मग पिशवीवर तारीख-वेळ लिहून 5 अंशांखाली फ्रिज. माझ्या पद्धतीत तिचं आयुष्य दोन दिवस, पुढे फ्रीझर. फ्रिजमध्ये दीडशे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर ठेवा. दारावरच्या काट्यावर विसंबू नका.

रोज 5 किलो बर्फाचा खर्च आणि तो आणणारा माणूस तुमच्या प्राइसिंग शीटमध्ये आहे का? बहुतेकांच्या शीटमध्ये मशीन असतं, पिशव्या असतात, वीज असते. बर्फ नसतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी साठवायचंच नाही. सकाळी शिजवा, टबातून काढून तव्यावर टाका आणि त्याच वेळी गरम द्या. तोही चांगला धंदा आहे.

वीज गेली तर? पाण्याला झाकण असेल तर 20 लिटर पाणी हळूहळू उतरतं, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांनी आभाळ कोसळत नाही. वेळ तेवढी वाढवा. पण वीज परत आल्यावर काही मशीन आपोआप चालू होत नाहीत, हे विकत घेतानाच तपासा. आणि तुम्ही जागेवर नसताना पाणी 55 च्या खाली गेलं असेल, किती वेळ गेलं ते माहीत नसेल, तर ते चिकन टाकून द्या. तुमचं गाव लोडशेडिंगचं असेल तर रात्रभर मशीन लावून झोपायचा विचारही नको.

पैसे कुठून निघतात तेही सांगतो. ही पद्धत फ्रान्समध्ये गाजली तीच वजनाच्या घटीमुळे. रोआन गावातल्या त्रुआग्रो रेस्टॉरंटमध्ये बदकाचं महागडं यकृत, म्हणजे फ्वा ग्रा, शिजताना फार आटायचं. ते कमी करण्यासाठी 1974 च्या सुमारास जॉर्ज प्रालू यांनी ते पिशवीत बंद करून मंद पाण्यात शिजवलं. तुम्हीही हेच मोजा. 1 किलो कच्चं चिकन तव्यावर, 1 किलो पिशवीत, दोन्हींचं शिजल्यावरचं वजन वहीत. असं आठवडाभर करा. पिशवीतलं जितकं जास्त भरेल तितके ग्रॅम गुणिले तुमचा चिकनचा भाव, वजा बर्फ, वजा पिशव्या, वजा वीज. हा आकडा रोज अधिकमध्ये येत असेल तर मशीन घ्या. दुकानात या, मी देतो.

मटणाचा रस्सा, डाळ, उसळ यांसाठी मात्र घेऊ नका, तिथे कुकरच राजा आहे. भाज्यांनाही 65 चालत नाहीत. गाजर मऊ व्हायला 85 च्या आसपास लागतात, म्हणजे एकाच टबात चिकन आणि भाजी जमणार नाही. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर कॉइलवर पांढरा थर बसतो. आवाज वाढला किंवा पाणी तापायला जास्त वेळ लागायला लागला की लिंबूसत घातलेल्या गरम पाण्यात मशीन अर्धा तास चालवा, मग साध्या पाण्यात एकदा.