लाल पाणी वॉशआउटमधून काढा, आमच्या नळातून नको!



गेल्या शुक्रवारी सकाळी साडेआठला आपल्या गल्लीत पाणी सुटलं. आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद होता. गल्लीच्या अगदी टोकाला राहणाऱ्या आजींनी नळाखाली स्टीलचं पातेलं लावलं, तर त्यात कोऱ्या चहासारखं पाणी आलं. पाच मिनिटांनी बुडाशी विटकरी पूड बसली. नातवाचा शाळेचा पांढरा शर्ट त्यांनी त्याच पाण्यात भिजत घातला होता. तो पिवळा पडला म्हणून ब्लीच घातलं, तर डाग आणखी पक्का बसला. गंजाच्या डागावर ब्लीचने असंच होतं. तिथे लिंबू चालतं.

पाणीपुरवठा कार्यालयात फोन केला तेव्हा नेहमीचंच उत्तर मिळालं : "दहा मिनिटं नळ सोडून ठेवा, साफ येईल."

हे पत्रक त्या एका वाक्याच्या विरोधात आहे. मी बावीस वर्षं नळजोडणीचं काम करतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जोडण्या माझ्याच हातच्या आहेत. म्हणून जबाबदारीने सांगतो, आपण नळ सोडून ठेवल्याने गल्लीची लाईन साफ होत नाही. ती होऊच शकत नाही.

आधी हा रंग येतो कुठून ते पाहू. मागच्या वर्षी आपल्या कोपऱ्यावर रस्ता खोदला तेव्हा जुन्या बिडाच्या पाइपाचा हातभर तुकडा बाहेर निघाला. पाइप चार इंची, पण आतून पाहिलं तर गंजाच्या गाठी एकमेकींना भिडलेल्या आणि मधे जेमतेम दोन बोटं जातील एवढीच वाट. गाठ वरून कडक आणि तपकिरी होती. स्क्रूड्रायव्हरने टोचली तर आतून काळा, मऊ चिखल निघाला. पाइप कायम भरलेला असला तर ही गाठ बरीचशी शांत राहते. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि आत हवा शिरते. ओलं लोखंड आणि हवा एकत्र आली की गंज झपाट्याने चढतो, वरचं कवच सुकून तडकतं. दुसऱ्या दिवशी चावी फिरली की पाणी पुढची हवा ढकलत जोरात घुसतं, कवचाचे पापुद्रे उडवतं, तळाला बसलेला गाळ उचलतं आणि सगळं आपल्या नळापर्यंत आणून सोडतं. नदीला पूर आलेला नसताना, धरण स्वच्छ असताना आणि शुद्धीकरण केंद्रातून नितळ पाणी निघत असतानाही आपल्याकडे लाल पाणी येतं ते यामुळे.

आता त्या दहा मिनिटांचा हिशेब करू. आपली गल्ली साधारण दोनशे मीटर लांब, लाईन गाठी न धरता चार इंची, घरं चाळीस. घरातला नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी देतो. दहा मिनिटांत १०० लिटर, म्हणजे चाळीस घरांनी मिळून ४,००० लिटर पाणी गटारात घातलं. एवढं घालवून लाईन साफ झाली का? तळाचा गाळ हलवून बाहेर काढायचा तर पाइपातल्या पाण्याला वेग लागतो. लाईन धुताना सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेग धरतात. चाळीसही नळ एकदम सोडले तरी गल्लीच्या तोंडाशी तो वेग पाऊण मीटरच्या थोडा वर जातो. पुढे प्रत्येक घराशी पाणी वाटलं जातं, तसा वेग उतरत जातो. टोकाशी फक्त आजींच्या एका नळाचं पाणी उरतं आणि तिथे वेग असतो सेकंदाला दोन सेंटिमीटर. मुंगीसुद्धा त्याच्या पुढे जाईल. म्हणजे सुरुवातीच्या घरांनी हलवलेला गाळ पुढे सरकतो आणि टोकाला येऊन निवांत बसतो. आजींच्या घरी सगळ्यांत जास्त लाल पाणी का येतं, याचं उत्तर हेच आहे.

हेच काम लाईनच्या टोकाला असलेल्या वॉशआउटने केलं तर? वॉशआउट म्हणजे गाळ काढण्यासाठी बसवलेला व्हॉल्व्ह. आपल्या लाईनीत सुमारे १,६०० लिटर पाणी मावतं. टोकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून दीड मीटरचा वेग मिळाला तर मिनिटाला ७०० लिटर पाणी वाहतं आणि पाच मिनिटांत अख्खी लाईन दोनदा धुऊन निघते. पाणी जातं ३,५०० लिटर. आपण चाळीस घरं मिळून जेवढं फुकट घालवतो त्याहून कमी. फरक एवढाच की पहिल्या रीतीत गाळ आपल्या टाक्यांत, गिझरमध्ये आणि पोटात जातो, दुसऱ्या रीतीत गटारात.

मग हा वॉशआउट आहे कुठे? आजींच्या घरासमोर, काँक्रीटच्या रस्त्याखाली. रस्ता करताना चेंबरचं झाकण वर उचलून घ्यायचं असतं, ते न उचलता वरून काँक्रीट ओतलं. मी तिथे उभा होतो, मुकादमाला सांगितलंही. "नंतर बघू," म्हणाला. त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत ती लाईन एकदाही धुतलेली नाही. हा निसर्गाचा कोप नाही आणि निधीचा प्रश्नही नाही. अर्ध्या दिवसाच्या कामातली ही हयगय आहे, आणि तिची किंमत चाळीस घरं दर आठवड्याला मोजतात.

"लाल असलं तरी अपायकारक नाही," असंही सांगितलं जातं. यातलं खरं ते मान्य करतो. एवढ्याशा लोखंडाने कुणाला विषबाधा होत नाही. पण गोष्ट लोखंडापाशी थांबत नाही. पाण्यात विरघळलेलं एक मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतं. आपल्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं, असं भारतीय मानक सांगतं. केंद्रात घातलेलं क्लोरीन वाटेत गंजच गिळून बसला तर जंतूंना अडवायला उरतं काय? त्यात लाईन रिकामी होताना आत ओढ तयार होते आणि जिथे सांधा गळतो तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. आपल्या लाईनीशेजारून गटार जातं हे तुम्ही रोज पाहता. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कंपेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी थांबून-थांबून येणाऱ्या पाण्याचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं ते हेच : पुरवठा सुरू होतानाचं पहिलं पाणी आणि दाब कमी असतानाचं पाणी, दूषित होण्याचा धोका या दोन वेळी जास्त असतो. म्हणजे लाल रंग हा नुसता डाग नव्हे. लाईन रिकामी पडली होती, याची ती खूण आहे.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तक्रार केली की खात्याचा माणूस येतो, ओटीचे थेंब टाकतो, पाणी पिवळं झालं की "क्लोरीन आहे, पाणी चांगलं आहे" असं लिहून जातो. पण पाण्यात गंजाचं लोह असेल तर क्लोरीन नसतानाही ओटी पिवळा रंग देऊ शकते. लाल पाण्यावर केलेली ओटी मान्य करू नका. डीपीडीची चाचणी मागा, तिचा रंग गुलाबी येतो, आणि जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा.

दोष कुणाचा हे घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येतं. पाणी सुटल्याबरोबर एक पारदर्शक बाटली भरा, पाच मिनिटांनी दुसरी, वीस मिनिटांनी तिसरी. फक्त तुमच्याकडेच पहिली बाटली लाल असेल आणि शेजाऱ्याची नितळ असेल, तर दोष तुमच्या स्वतःच्या जुन्या जीआय पाइपात आहे. तो तुम्हालाच बदलावा लागेल आणि मी हे लपवणार नाही. सगळ्या गल्लीत तिन्ही बाटल्या लाल असतील तर दोष मोठ्या लाईनीचा. पाणी भरताना नितळ असून तासाभराने पिवळं पडलं तर विरघळलेल्या लोहाचा संशय घ्या, बोअरचं पाणी मिसळत असेल तर अधिकच. घाण वास आला तर मात्र बाटल्या मोजत बसू नका. ते पाणी तोंडात घालू नका आणि लगेच लेखी तक्रार करा. उकळल्याने जंतू मरतात, गंज जात नाही. म्हणून पाणी निवळू द्या, वरचं गाळून घ्या आणि मगच उकळा.

थोडं आपल्याबद्दलही. गल्लीत अकरा घरांनी नळाला थेट मोटर जोडली आहे. दाब नसताना मोटर लावली की लाईनीतून पाणी ओढलं जातं आणि त्याबरोबर गळक्या सांध्यांतून गटारही. आपण हे थांबवलं नाही तर दुसऱ्याला जाब विचारायला आपलं तोंड राहणार नाही.

आमचं मागणं अवघड नाही. काँक्रीट फोडून वॉशआउटचं चेंबर मोकळं करा. त्याचं तोंड गटारातल्या पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर लाईन रिकामी होताना गटारच आत ओढलं जाईल. बंदनंतर पाणी सोडताना व्हॉल्व्हमनने आधी वॉशआउट उघडावा, मग गल्लीची चावी हळूहळू, थोडी थोडी फिरवावी, आणि टोकाला नितळ पाणी दिसल्यावरच वॉशआउट बंद करावा. तारीख, वेळ आणि सही एका वहीत असावी. ती वही आम्हाला पाहायला मिळावी.

यानेही गाठी जाणार नाहीत, हे आत्ताच सांगतो. धुण्याने सुटा गाळ निघतो, गंजलेला पाइप नवा होत नाही. जास्त जोर लावला तर जुना पाइप फुटूही शकतो. म्हणून ती दोनशे मीटर बिडाची लाईन बदलून आतून सिमेंटचं अस्तर असलेली डीआय लाईन टाकावी, ही पुढची मागणी. ती होईपर्यंत धुणं चुकवू नये.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही धरलेला आहे. उत्तराची मुदत तीस दिवसांची. गेल्या वर्षभरात आपल्या गल्लीतून घेतलेले पाण्याचे नमुने, त्यांचे निकाल आणि वॉशआउट उघडल्याच्या नोंदी, एवढंच मागणारा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सह्या करायला माझ्या दुकानावर या.

आणि येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता पाणीपुरवठा कार्यालयात सगळ्यांनी यायचं आहे. पाणी सुटल्याबरोबर भरलेली पहिली बाटली सोबत आणा. तिच्यावर घराचा नंबर आणि पाणी भरल्याची वेळ लिहून चिकटवा. बाटली हलवू नका, उभीच धरून आणा, गाळ बुडाशी बसलेला दिसला पाहिजे.

— तुमच्याच गल्लीतला प्लंबर आणि सही करणारे रहिवासी